कोणत्या पाळीनं जास्त वीज खाल्ली? कारखान्याचा मीटर वाचायची पद्धत

स्मार्ट मीटरवरून महाराष्ट्रात बरीच खडाजंगी झाली. त्या गोंधळात एक गोष्ट मागे राहिली. उच्चदाब जोडणी असलेल्या कारखान्यांच्या मीटरमध्ये दर अर्ध्या किंवा पाव तासाला किती वीज गेली, याची नोंद आधीपासूनच होत आलेली आहे. ती फारसं कुणी उघडून बघत नाही. महिन्याचं बिल आलं, आकडा फुगलेला दिसला, की मालक व्यवस्थापकाला विचारतो, व्यवस्थापक मेंटेनन्सवाल्याला विचारतो आणि शेवटी "या महिन्यात काम जास्त होतं" यावर विषय मिटतो. काम खरंच जास्त होतं की वीज वाया गेली, हे त्या एका आकड्यावरून कुणालाच सांगता येत नाही, कारण त्यात सत्तर-ऐंशी पाळ्यांची वीज एकत्र झालेली असते.

हा लेख एकाच प्रश्नाबद्दल आहे: एखाद्या पाळीत नेहमीपेक्षा जास्त वीज गेली, हे दुसऱ्याच दिवशी कसं ओळखायचं? उदाहरणासाठी इंजेक्शन मोल्डिंगचा, म्हणजे प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबून भाग बनवणारा, मध्यम आकाराचा कारखाना घेऊ. आठ मशिनं, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, रविवारी सुट्टी. पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण अशा कारखान्यात शोभतील असेच आहेत.

आधी मीटरवरचा आकडा नीट वाचू

एक किलोवॅटचा भार एक तास चालला की एक युनिट, एवढं घरच्या बिलावरून सगळ्यांना माहीत असतं. कारखान्यात यात एक गुणक येतो. ११ हजार व्होल्टच्या तारेतली वीज मीटरला थेट झेपत नाही. म्हणून मधे बसवलेले ट्रान्सफॉर्मर करंट आणि व्होल्टेज ठरावीक प्रमाणात कमी करून मीटरला देतात. करंटचं प्रमाण १५ ला ५, म्हणजे ३ पट, आणि व्होल्टेजचं ११,००० ला ११०, म्हणजे १०० पट असेल, तर मीटरवरचा फरक ३०० नं गुणावा लागतो. बिलावर 'एमएफ' लिहून पुढे जो आकडा छापतात, तो हाच.

पाळीचा हिशोब बिघडायला इथूनच सुरुवात होते. आपल्या कारखान्यात एका पाळीला साधारण १,६०० युनिट जातात. गुणक ३०० असेल तर आठ तासांत मीटरवरचा आकडा जेमतेम सव्वापाचनं पुढे सरकतो. वॉचमननं वहीत ४८१७ आणि पाळी संपताना ४८२२ असं पूर्णांकात लिहिलं, तर नोंद १,५०० युनिटांची होते. एक घर पुढे-मागे वाचलं गेलं की १,८०० किंवा १,२००. असल्या नोंदीतून काहीही शोधता येत नाही. दशांशानंतरची दोन घरं लिहिली, तर सर्वांत लहान पायरी ३ युनिटांची होते आणि ती पुरेशी आहे. बहुतेक डिजिटल मीटरवर जास्त दशांश दाखवणारं पान बटण दाबून आणता येतं. कारखान्याच्या मुख्य पॅनलवर स्वतःचा मीटर असेल तर तोच वापरलेला बरा, फक्त त्यात भरलेलं करंट ट्रान्सफॉर्मरचं प्रमाण प्रत्यक्ष बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या पाटीशी एकदा ताडून घ्यावं. पॅनलचं काम झाल्यावर हे प्रमाण बदलायचं राहून जातं आणि मग मीटर महिनोन्‌महिने खोटं सांगत राहतो.

दुसरा घोळ वेळेचा. सकाळी ७ चं रीडिंग ७.२० ला घेतलं, तर सरासरी २०० किलोवॅटच्या भारावर जवळपास ६७ युनिट रात्रपाळीच्या नावावर चढतात आणि दिवसपाळीच्या नावावरून उतरतात. याची खूण ठरलेली आहे. एका पाळीत वाढ, लगेच पुढच्या पाळीत तेवढीच घट, दोघींची बेरीज शून्याजवळ. अशी जोडी दिसली की मशिनं तपासायच्या आधी रीडिंग कुणी आणि किती वाजता घेतलं ते विचारावं. मीटरला आरएस-४८५ची दोन तारांची जोडणी असेल, तर संगणक ठरल्या वेळी आपोआप रीडिंग घेऊ शकतो. तेवढं जमत नसेल, तर मीटरचा फोटो काढून ठरलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची सवय लावावी. फोटोसोबत वेळ येते आणि आकड्यावरून वाद होत नाही.

नुसते युनिट नकोत, 'किलोमागे युनिट'ही नको

रीडिंग नीट यायला लागलं की पहिला मोह होतो तो सर्वांत जास्त युनिटांची पाळी लाल रंगवायचा. पण ती बहुतेकदा सर्वांत जास्त माल काढणारी पाळी असते. तिला दोष देणं म्हणजे चांगलं काम करणाऱ्याला शिक्षा देणं.

मग कुणीतरी सुचवतं, युनिटांना मालाच्या वजनानं भागा, किलोमागे किती युनिट लागले ते बघा. हे ऐकायला पटतं आणि सर्रास केलंही जातं. पण तेही फसवं आहे. का, ते रिक्षाच्या भाड्यावरून चटकन कळेल. रिक्षात बसलं की किमान भाडं लागतंच, त्यापुढे किलोमीटरप्रमाणे वाढतं. कोपऱ्यापर्यंत गेलात तर किलोमीटरमागे भाडं खूप पडतं, लांब गेलात तर कमी. म्हणून कोपऱ्यापर्यंत सोडणाऱ्या रिक्षावाल्यानं लुबाडलं, असं कुणी म्हणत नाही.

कारखान्याचंही तसंच आहे. साचे गार ठेवायला पाणी थंड करणारा चिलर, पाण्याचे पंप, कॉम्प्रेसर, दिवे, पंखे आणि दाणे वितळवण्यासाठी गरम ठेवलेले बॅरल हे सगळं पाळी सुरू झाली की वीज घेतं, माल निघो वा न निघो. हे झालं किमान भाडं. त्यावर प्रत्येक किलो प्लास्टिक वितळवायला आणि दाबायला लागणारी वीज चढत जाते. आपल्या कारखान्यात किमान भाडं पाळीला ५०० युनिट आणि किलोमागे १.१ युनिट असं धरू.

आता १,२०० किलो काढणाऱ्या पाळीला १,८२० युनिट लागतील, म्हणजे किलोमागे सुमारे १.५२. ज्या पाळीला ऑर्डरच कमी, तिनं ६०० किलो काढले तर १,१६० युनिट लागतील, म्हणजे किलोमागे १.९३. दुसरी पाळी कागदावर वाईट दिसते, पण दोघींनीही कणभर वीज वाया घालवलेली नाही. रात्री माणसं आणि काम कमी असतं, म्हणून 'किलोमागे युनिट'च्या तक्त्यात रात्रपाळी कायम बदनाम होते. हा अन्याय कित्येक कारखान्यांत वर्षानुवर्षं चालतो आणि त्यात खरी उधळपट्टी दडून जाते.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: या पाळीनं जेवढा माल काढला, तेवढ्याला किती वीज लागायला हवी होती आणि प्रत्यक्षात किती लागली? या दोहोंमधल्या अंतराला पुढे फक्त 'फरक' म्हणू.

किमान भाडं आणि किलोचा दर कसा काढायचा

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, साधी स्प्रेडशीट पुरते. सात आठवड्यांच्या, म्हणजे आठवड्याला १८ प्रमाणे १२६ पाळ्यांच्या नोंदी घ्या. C रकान्यात मालाचे किलो, D मध्ये युनिट. आधी या दोन रकान्यांचा ठिपक्यांचा आलेख काढा आणि डोळ्यांनी बघा. ठिपके तिरक्या रेषेभोवती जमलेले दिसले, तर पुढे जाण्यात अर्थ आहे. विखुरलेले दिसले, तर बहुधा नोंदींमध्येच गडबड आहे. एखादा ठिपका रेषेपासून फारच लांब असेल, तर त्या पाळीत काय घडलं होतं ते शोधा. वीज गेली होती, जनरेटर चालला होता, मोठं मशीन बंद पडलं होतं, असं ठोस कारण मिळालं तरच ती नोंद वगळा. दिसायला वाईट म्हणून वगळू नका.

मग K1 आणि K2 या घरांत ही सूत्रं:

```
K1:  =INTERCEPT(D2:D127,C2:C127)
K2:  =SLOPE(D2:D127,C2:C127)
```

K1 मध्ये किमान भाडं येतं, K2 मध्ये किलोचा दर. त्यानंतर प्रत्येक ओळीत अपेक्षित युनिट, फरक आणि फरकाचा निव्वळ आकार:

```
E2:  =$K$1+$K$2*C2
F2:  =D2-E2
H2:  =ABS(F2)
```

इथे किलो कोणते घ्यायचे हे नीट ठरवावं लागतं, आणि बहुतेक चुका इथेच होतात. पॅकिंगला गेलेलं वजन चालणार नाही. रात्री बनलेला माल सकाळी पॅक झाला तर वीज एका पाळीत आणि वजन दुसऱ्या पाळीत जातं. शिवाय नापास झालेल्या भागांना आणि मोडून टाकलेल्या रनरलाही, म्हणजे साच्याच्या वाटेत गोठलेल्या प्लास्टिकच्या काडीलाही, वितळताना वीज लागलेलीच असते. म्हणून मशीनच्या काउंटरवरचे शॉट, म्हणजे साच्यात किती वेळा माल दाबला तो आकडा, गुणिले एका शॉटचं पूर्ण वजन, रनरसकट, असा हिशोब धरावा. नापास मालाचा रकाना वेगळा ठेवावा. तोही महत्त्वाचा आहे, पण तो प्रश्न वेगळा.

K1 चं उत्तर रविवारच्या रीडिंगशी जुळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. रविवारी सगळं बंद असताना आठ तासांत १२० युनिट जात असतील आणि K1 मध्ये ५०० येत असतील, तर त्यात विसंगती नाही. १२० ही कुलूप लावल्यावरची वीज. ५०० ही पाळी सज्ज ठेवण्याची वीज. दोन्ही आकडे उपयोगाचे आहेत. बंद कारखाना तासाला १५ युनिट कशासाठी खातो, हा प्रश्न तर आजच विचारण्यासारखा आहे.

किती फरक पडला की इशारा द्यायचा?

फरक शून्य कधीच येत नाही. साचा बदलला, दाण्यांची जात बदलली, हवा तापली की पंचवीस-पन्नास युनिट इकडे-तिकडे होतातच. त्या नेहमीच्या हेलकाव्याच्या कितीतरी बाहेर गेलं तरच आवाज उठवायचा. त्यासाठी हेलकाव्याचं माप हवं.

फरकांच्या आकारांची सरासरी घेण्याऐवजी मधला आकडा घ्या. सगळे आकार चढत्या क्रमानं मांडले की बरोबर मधोमध येणारा. कारण असं की सात आठवड्यांत एखादी पाळी ६०० युनिटांनी भरकटलेली असेल, तर ती एकटी सरासरीला वर खेचते, हद्द रुंदावते आणि पुढची चुकणारी पाळी त्या रुंद हद्दीत आरामात बसते. मधल्या आकड्याला अशा एकट्यादुकट्याचा धक्का लागत नाही. मग सूत्र असं:

```
K3:  =3*1.48*MEDIAN(H2:H127)
```

१.४८ हा गुणक मधल्या आकड्यावरून नेहमीच्या हेलकाव्याचं प्रमाणित माप काढण्यासाठी आहे आणि ३ म्हणजे त्या मापाच्या तिप्पट. आपल्या कारखान्यात मधला आकडा २८ आला, तर हद्द सुमारे १२४ युनिटांची होते. फरक १२४ च्या वर गेला की ती पाळी लाल.

तिप्पटच का? दुप्पट ठेवली तर काहीही बिघडलेलं नसताना, निव्वळ योगायोगानं, शंभरातल्या दोनेक पाळ्या लाल होतात. आठवड्याला १८ पाळ्यांच्या हिशोबात हे अडीच आठवड्यांतून एकदा, म्हणजे सोसण्यासारखं. पण पुढे एकेका मशिनाचे वेगळे असे दहा सब-मीटर बसले की तोच हिशोब आठवड्याला चार खोट्या इशाऱ्यांवर जातो, आणि महिन्याभरात कुणी त्या लाल रंगाकडे वळूनही बघत नाही. सुरुवात तिपटीनं करावी. इशाऱ्यांमागची कारणं सापडत गेली की पुढे हद्द आवळता येते.

एक पाळी तपासून बघू

मंगळवारच्या तीन पाळ्या अशा. पहिलीनं १,१८० किलो काढले आणि १,८१२ युनिट घेतले. अपेक्षित १,७९८, फरक १४. दुसरीत ५६० किलो, १,०९५ युनिट. अपेक्षित १,११६, म्हणजे उलट २१ कमी. रात्रपाळीत ६४० किलो, १,३४२ युनिट. अपेक्षित १,२०४, फरक १३८. हद्द ओलांडली.

एकूण युनिट बघणाऱ्यानं पहिली पाळी पकडली असती. किलोमागे बघणाऱ्याला दुसरी (१.९६) आणि तिसरी (२.१०) दोन्ही सारख्याच संशयास्पद वाटल्या असत्या. खरा दोष एकाच पाळीत आहे.

आता १३८ युनिट गेले कुठे? इथे मीटरमधली अर्ध्या तासाची नोंद कामाला येते. रात्रपाळीचे सोळा आकडे एकाखाली एक मांडले तर चित्र उलगडतं. रात्री २ पर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे आहे. २ नंतर मालाचा वेग एकदम खाली आला, पण वीज त्या मानानं उतरली नाही. २ ते ६ या चार तासांत साधारण ३०-३५ किलोवॅटचा भार जास्तीचा दिसतो. भार एकदम चढला आणि एकदम उतरला, म्हणजे काहीतरी चालू राहिलं आणि नंतर बंद झालं. हळूहळू चढला असता, तर तापणारं, चोक होणारं, गळणारं काही शोधलं असतं.

उत्पादनाच्या नोंदीत त्या वेळेला तीन मशिनांसमोर 'दाणे संपले' असं लिहिलेलं आहे. मशिनं थांबली, पण त्यांच्या हायड्रॉलिक पंपाची मोटर फिरत राहिली आणि बॅरलचे हीटर चालू राहिले. जुन्या पद्धतीच्या मशिनात पंप कायम फिरतो, काम नसताना तेल नुसतं टाकीतून टाकीत फिरवतो. मोटर रिकामी फिरताना ७ किलोवॅट आणि हीटर सरासरी साडेतीन किलोवॅट घेत असतील, तर एका मशिनाचे साडेदहा, तिघांचे साडेएकतीस आणि चार तासांचे १२६ युनिट. उरलेले १२ नेहमीच्या हेलकाव्यात मावतात. हिशोब जुळला.

असा आकड्यांनी जुळणारा खुलासा मिळेपर्यंत कारण सापडलं असं मानू नये. "एसी चालू राहिला असेल" हे उत्तर नेहमी तयार असतं. दीड टनाचा एसी आठ तास अखंड चालला तरी दहा-बारा युनिटांच्या पुढे फारसा जात नाही, मग १३८ चा खुलासा त्यानं कसा होणार?

"मोटर बंद करून परत लावली तर जास्तच वीज लागते ना?"

ऑपरेटर हे हमखास म्हणतो आणि त्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, म्हणून हिशोब मांडू. चालू होताना मोटर नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते, पण काही सेकंदच. ३० किलोवॅटच्या मोटरनं सुरू होताना दहा सेकंद १५० किलोवॅट घेतले असं अगदी सढळ हातानं धरलं, तरी ते ०.४२ युनिट होतात. रिकामी फिरणारी मोटर तेवढे युनिट चार मिनिटांतच खाते. म्हणजे चार मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल, तर विजेच्या दृष्टीनं मोटर बंद करणंच स्वस्त.

पण दर पाच मिनिटांनी चालू-बंद केल्यानं मोटर तापते आणि स्टार्टरचे कॉन्टॅक्ट झिजतात. म्हणून पंधरा-वीस मिनिटांच्या वर थांबायचं असेल तरच बंद, असा नियम ठेवणं शहाणपणाचं. हीटरची गोष्ट वेगळी आहे. थंड झालेलं बॅरल परत तापायला पाऊण-एक तास जातो, त्यामुळे ऑपरेटर ते बंद करायला कचरतो आणि ते बरोबरच आहे. तास-दीड तासाच्या थांब्यात बॅरलचं तापमान बंद न करता खाली आणून ठेवता येतं. पीव्हीसी किंवा ॲसिटाल असेल तर मात्र गरम बॅरलमध्ये माल थांबवणं धोक्याचं, तो कुजून वायू सोडतो. तिथे बॅरल रिकामं करून दुसऱ्या स्वच्छ मालानं धुऊन काढावंच लागतं. वीज वाचवण्याचा नियम मालाची जात बघून लिहायचा असतो.

बिलातल्या कमाल मागणीची, म्हणजे महिन्यातल्या सर्वांत मोठ्या भाराची, भीतीही इथे काढली जाते. ती मागणी पंधरा किंवा तीस मिनिटांच्या सरासरीवर मोजतात, त्यामुळे दहा सेकंदांचा झटका तिथे जवळपास दिसत नाही. दिसतं ते सोमवारी सकाळी. रविवारच्या सुट्टीनंतर आठही मशिनांचे प्रत्येकी १५ किलोवॅटचे हीटर एका दमात लावले, तर १२० किलोवॅट अर्धा तास टिकतात. ते टप्प्याटप्प्यानं लावावेत.

जी गळती कधीच हद्द ओलांडत नाही

आतापर्यंतची युक्ती एका रात्रीत घडणाऱ्या गोष्टी पकडते. कॉम्प्रेसरच्या हवेच्या पाइपला पडलेलं भोक ती पकडत नाही. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरच्या भोकातून निसटणारी हवा भरून काढायला कॉम्प्रेसरला सुमारे ३ किलोवॅट लागतात, म्हणजे पाळीला २४ युनिट. हद्द १२४ ची. ही गळती वर्षभर राहिली तरी एकही पाळी लाल होणार नाही.

त्यासाठी फरकांची चालती बेरीज ठेवायची. किराणा दुकानाच्या वहीत रोजची पाच-दहा रुपयांची उधारी डोळ्यांवर येत नाही, महिन्याअखेरची बेरीज मात्र येते. पाया, म्हणजे K1 आणि K2, ठरवायला वापरलेल्या १२६ पाळ्यांनंतरच्या पहिल्या नव्या पाळीपासून बेरीज सुरू करा. आधीच्या पाळ्यांची बेरीज सूत्राच्या स्वभावामुळेच शून्य येते, तिचा उपयोग नाही. E आणि F ची सूत्रं नव्या ओळींतही खाली ओढून घ्या.

```
G128:  =F128
G129:  =G128+F129
```

G चा आलेख काढा. सगळं ठीक असताना ही रेषा आडवी, थोडी वळवळत जाते. गळती सुरू झाली की ती वर चढू लागते. १८ पाळ्यांत २४ प्रमाणे ४३२ युनिटांची चढण, आणि ती डोळ्यांना लगेच दिसते. रेषेची उंची फार महत्त्वाची नाही, तिचा उतार बघायचा. उतार जिथे बदलला, त्या तारखेला काय बदललं हे शोधायचं. नवी पाइपलाइन जोडली? चिलरचा कंडेन्सर धुवायचा राहिला? साचा बदलताना हवेचा नळ उघडा राहिला?

संशय कॉम्प्रेसरवर असेल तर रविवारी तपासता येतं. हवा वापरणारी सगळी मशिनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा. तो किती वेळ हवा भरतो आणि किती वेळ नुसता फिरतो, हे घड्याळ लावून पाच-सहा फेऱ्यांत मोजा. दीड मिनिट भरतो आणि साडेआठ मिनिटं मोकळा, तर दहातलं दीड, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या १५ टक्के हवा गळते आहे. कुणीच वापरत नसताना भरलेली प्रत्येक लिटर हवा गळतीतच जाते, म्हणून ही चाचणी इतकी भरवशाची आहे.

"उन्हाळ्यात तर सगळ्याच पाळ्या लाल होतील"

हा आक्षेप खरा आहे. जानेवारीत ठरवलेला पाया पुण्यात एप्रिलला चालत नाही, कारण चिलरला बाहेरच्या गरम हवेत उष्णता टाकायला जास्त वीज लागते. पावसाळ्यात नायलॉनसारखा ओल धरणारा माल ड्रायरमध्ये जास्त वेळ ठेवावा लागतो. ओळखायची खूण अशी, की ऋतूचा परिणाम तिन्ही पाळ्यांवर होतो, दुपारी जास्त आणि पहाटे कमी. बिघाड असा घड्याळ बघून येत नाही. सोपा उपाय म्हणजे उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळ्याचे वेगळे पाये ठेवणं. त्यापेक्षा बारीक काम करायचं असेल, तर चिलरला वेगळा सब-मीटर लावून त्याची वीज मुख्य हिशोबातून बाजूला काढावी. सब-मीटरवर खर्च करायचाच असेल तर पहिले दोन चिलर आणि कॉम्प्रेसरला लावा, प्रत्येक मशिनाला नंतर.

मीटरच पूर्ण खरं सांगत नसेल तर

छतावर सौर पॅनल असतील, तर महावितरणच्या मीटरचा आकडा म्हणजे कारखान्याचा वापर नव्हे. वापर काढायला बाहेरून घेतलेली वीज अधिक सौरनिर्मिती, त्यातून बाहेर दिलेली वीज वजा करावी लागते. हे विसरलं तर दिवसपाळी नेहमीच गुणी दिसते आणि ढगाळ दिवशी अचानक बिघडल्यासारखी वाटते. जनरेटरचे युनिटही असेच वेगळे धरून मिळवावे लागतात.

महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएच या मापावर येतं. त्यात प्रत्यक्ष कामाला लागलेल्या विजेबरोबर मोटरींच्या चुंबकत्वासाठी ये-जा करणाऱ्या विजेचाही भार धरलेला असतो. पाळीचा बिघाड शोधायला मात्र साधे केडब्ल्यूएच, म्हणजे नेहमीचे युनिट, वापरा आणि केव्हीएएचचा रकाना शेजारी ठेवा. केडब्ल्यूएच जागच्या जागी आणि केव्हीएएच वाढलेले दिसले, तर मशिनांकडे जाऊ नका. ही ये-जा करणारी वीज जागेवरच पुरवणाऱ्या कपॅसिटर पॅनलमधला फ्यूज किंवा कॉन्टॅक्टर बघा.

आणि खाली जाणारा फरकही लाल करा. तिन्ही पाळ्यांचे युनिट एका दिवसापासून एकदम तिसऱ्या हिश्श्यानं घटले, तर ती बचत नाही. बहुधा एका फेजची मीटरकडे जाणारी तार सुटली आहे. ते ताबडतोब लेखी कळवावं. न कळवता राहिलं, तर पुढे तपासणीत मागच्या महिन्यांची वसुली लागते आणि वर हेतूवर शंका घेतली जाते.

इशारा कुणाला आणि कधी

लाल पाळीचा निरोप त्याच दिवशी, ती पाळी चालवणाऱ्या सुपरवायझरला आणि मेंटेनन्सला मिळाला पाहिजे. चार दिवसांनी विचारलं तर 'दाणे संपले होते' हे कुणाच्या लक्षात राहत नाही. निरोपात तीन गोष्टी पुरतात: किती युनिट जास्त, कोणत्या अर्ध्या तासापासून आणि त्या वेळी कोणती मशिनं थांबलेली होती. शेजारी कारण लिहायला मोकळा रकाना ठेवा.

या आकड्यावरून कुणाचा पगार किंवा बक्षीस मात्र ठरवू नका. ठरवलंत, तर रीडिंग दहा मिनिटं आधी-नंतर घेतलं जाईल, शॉटचं वजन थोडं वाढवून लिहिलं जाईल आणि दोन महिन्यांत फरकाचा रकाना सुंदर दिसू लागेल. आपल्या उदाहरणातल्या रात्रपाळीचंच बघा. मोटर चालू ठेवणारा ऑपरेटर दिसतो, पण रात्री २ वाजता दाणे संपले कारण संध्याकाळी स्टोअरला कुलूप लागलं आणि किल्ली दिवसपाळीच्या माणसाकडे होती. किल्लीची सोय बदलली की मोटर बंद करायची वेळच येत नाही.

दुरुस्ती झाली की जुना पाया लगेच फेकू नका. त्याच पायावर चालती बेरीज आणखी तीन-चार आठवडे चालू द्या. गळती बुजली असेल तर चढणारी रेषा त्याच दिवसापासून आडवी होते. पाया ठरवताना ती गळती आधीच होती असं निघालं, तर रेषा खाली झुकते, आणि रोज किती युनिट वाचले ते त्या उतारावरून थेट वाचता येतं. ती आडवी झाली नाही, तर बुजवलेलं भोक वेगळंच होतं. तेव्हा रविवारची चाचणी पुन्हा करा, आणि या वेळी साबणाचं पाणी घेऊन एकेका जोडावरून फिरा.